दहापर्यंतचे अंक आणि एक दाढ

आरंभ माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करतो.

सात वर्षांचा एक मुलगा त्याच्या आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला होता. येथे त्याला आपण छोटू म्हणू. तो स्वमग्न आहे. मोजके शब्द बोलतो, पण अंक त्याला फार प्रिय आहेत आणि छताच्या पंख्याकडे पाहत तो कितीही वेळ रमतो. गेल्या महिन्यापासून तो जेवताना स्वतःच्या डाव्या गालावर चापट्या मारू लागला होता. पोळी चावायचे त्याने सोडले होते, फक्त वरणभात गिळत होता. शाळेतून निरोप आला की ‘वर्तन बिघडले आहे’, आणि थेरपीचे तास वाढवावेत का, हे विचारायला आई माझ्याकडे आली होती.

जे मूल ‘दुखते’ असे सांगू शकत नाही, त्याच्या वागण्यात अचानक नवे काही दिसू लागले, तर आधी शरीरात दुखणे शोधावे, हे मला ठाऊक होते. कान, दात आणि पोट ही तीन ठिकाणे मी प्रथम पाहतो. कान स्वच्छ होते. त्याच्या किंकाळ्यांमध्येच बॅटरीच्या उजेडात क्षणभर तोंड दिसले. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दुधाच्या दाढेत काळा खड्डा होता.

येथवर सारे ठीक झाले. पुढे मात्र मी गावातल्या एका दंतवैद्यांना चिठ्ठी दिली आणि आईला म्हणालो, “दोघांनी घट्ट धरा. दोन मिनिटांचे काम आहे.”

ती दोन मिनिटे कधी आलीच नाहीत. बाहेरच्या खोलीत पाऊण तास थांबावे लागले. आत दुसऱ्या रुग्णाच्या दातावर यंत्र चालू होते. छोटूला खुर्चीवर निजवले तेव्हा वडिलांनी पाय धरले, मामांनी डोके धरले, आणि त्याने डॉक्टरांचे बोट चावले. दाढ तशीच राहिली. त्या दिवसापासून घरात दात घासणे बंद झाले. त्या रस्त्यावरून स्कूटर वळली तरी तो ओरडू लागला. माझ्या दवाखान्याच्या पायरीवरही तो चढेना, कारण तेथेही औषधांचा तसाच वास येतो. त्या दंतवैद्यांना मी दोष देत नाही. त्यांना मी मुलाबद्दल एका ओळीपलीकडे काहीच कळवले नव्हते.

पुढे शेजारच्या शहरातील एका बालदंतरोगतज्ज्ञ बाईंना मी दूरध्वनी केला. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी दाढेबद्दल नंतर विचारले. पहिला प्रश्न होता, “सर, त्याला काय खुपते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. “मग आईंनाच विचारते,” असे म्हणून त्यांनी आईशी अर्धा तास बोलणे केले. मिक्सर लावला की तो कानांवर हात ठेवतो का? ट्यूबलाइट लुकलुकली तर? सदऱ्याचे लेबल टोचते का? केस धुताना डोके मागे करू देतो का? टूथपेस्ट झोंबते का? घट्ट मिठी आवडते की हलका स्पर्श? आईकडे प्रत्येकाचे उत्तर तयार होते. मी इतकी वर्षे त्या मुलाला तपासत होतो आणि यातले काहीही मला माहीत नव्हते.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांच्या बाबतीत आवाज, उजेड, वास, चव, स्पर्श यांची तीव्रता इतरांहून वेगळी जाणवते. काहींना ती फार जाणवते, तर काहींना अगदी कमी. दातांच्या खुर्चीवर या सगळ्यांचा एकदम मारा होतो, आणि तोही चेहऱ्यावर. त्यात पुढे काय होणार हे मुलाला माहीत नसते आणि कधी संपणार हेही माहीत नसते. छोटूच्या बाबतीत तीन गोष्टी मोठ्या निघाल्या. लाळ ओढणाऱ्या नळीचा खरखराट, पुदिन्याची चव आणि डोके मागे जाताना वाटणारी पडण्याची भीती. उलट जड दाब त्याला शांत करत असे. आजीची जुनी गोधडी अंगावर घातली की तो स्थिर होई.

तयारीला वेळ देता येईल का, हे बाईंनी आधी ठरवले, आणि हा भाग आपण नीट लक्षात ठेवावा. गालावर किंवा हिरडीवर सूज, पुळी, ताप, किंवा काही न खाताही रात्री झोपेतून उठवणारे दुखणे यांपैकी काही असते, तर आठवडे घालवण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्याच दिवशी उपचार लागतात. गरज पडल्यास रुग्णालयात भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पूर्ण भूल देऊन ते करावे लागतात. तसे करणे म्हणजे आईवडिलांचे अपयश नव्हे. घरी झोपेचे औषध देऊन मुलाला न्यावे असा विचार मात्र कोणीही करू नये, ते धोक्याचे आहे. छोटूला दुखत होते ते चावताना आणि गोड खाल्ल्यावर. रात्री तो झोपत होता. म्हणून बाईंनी तीन आठवड्यांची तयारी ठरवली. दर दोन दिवसांनी आईने गाल आणि हिरडी पाहायची आणि सूज दिसली तर तत्काळ कळवायचे, ही अट घातली. गोड चिकट खाऊ थांबवला. थेरपीत बक्षीस म्हणून मिळणारी चॉकलेटची गोळीही बंद करायला सांगितली. दिवसात दहा-बारा वेळा तोंडात विरघळणारी ती गोळी दाढेच्या खड्ड्यामागचे एक कारण असणार, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

आता चित्रांविषयी. चित्रांचे वेळापत्रक ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी 1972 मध्ये उभ्या केलेल्या कार्यक्रमातून स्वमग्न मुलांसाठी ती रुजली आणि जगभर पोहोचली. कानाने ऐकलेले विरून जाते, डोळ्यांसमोरचे चित्र तेथेच राहते, एवढाच तिचा आधार. छोटूच्या आईने पहिल्यांदा मोबाइलवर शोधून दात घासणाऱ्या सशाची रंगीत चित्रे छापून आणली. छोटूने ससा पाहिला, दातांशी त्याचा संबंध त्याला लागला नाही. बाईंनी मग स्वतःच्या दवाखान्याचे फोटो पाठवले. चपला काढायची जागा, निळी खुर्ची, वरचा दिवा, छोटा आरसा, मास्क नसलेल्या ताई, त्याच ताई मास्क लावून, आणि शेवटी घराजवळच्या बागेतला झोका. असे सात फोटो. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून, मागे चिकटपट्टी लावून, ते वरून खाली एका पुठ्ठ्यावर लावले. खाली एक पिशवी शिवली होती, तिच्यावर लिहिले ‘झाले’. एक पायरी संपली की छोटूने स्वतःच्या हाताने ते चित्र काढून पिशवीत टाकायचे.

या पट्टीचे दोन नियम बाईंनी आईला पुन्हा पुन्हा सांगितले. जे होणार नाही ते चित्रात नको, आणि जे होणार आहे ते लपवायचे नाही. पहिल्या भेटीत यंत्र लावायचे नव्हते, म्हणून यंत्राचे चित्र नव्हते. पुढे ज्या दिवशी औषध लावायचे ठरले, त्या दिवशी औषधाच्या बाटलीचा फोटो आला. ‘काही नाही होत, नुसते बघतील’ असे सांगून नेलेले मूल दुसऱ्यांदा आपल्यावर विश्वास ठेवत नाही. मला वाटते, स्वमग्न नसलेल्या मुलांच्या बाबतीतही आपण हे खोटे फार सहज बोलतो.

घरातला सराव रोज पाच मिनिटांचा, संध्याकाळी, पंख्याखाली. बाईंनी नळीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण पाठवले होते. आई ते अगदी हळू आवाजात दहा सेकंद लावी, छोटू पंखा पाहत असताना. दोन दिवस तसेच, मग आवाज थोडा वाढवायचा. त्याचा हात कानाकडे जायच्या आधी थांबायचे, गेल्यावर नाही. हात कानाकडे गेला तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यायचे. प्लॅस्टिकचा छोटा आरसा पहिल्या दिवशी त्याच्या तळहातावर ठेवला, मग दंडावर, मग गालावर, ओठावर आणि शेवटी पुढच्या दातावर. प्रत्येक ठिकाणी मोठ्याने एक ते दहा अंक. दहा म्हटले की आरसा दूर. तेथे एक अंकही वाढवायचा नाही. संपण्याची वेळ कळली की सहन करणे सोपे होते. छोटूच्या बाबतीत तर अंकच त्याचे मित्र होते.

डोके मागे नेण्याचा सराव आजीच्या मांडीवर झाला. मानेखाली उशी, रोज एक घडी कमी. आजींना आरंभी हे सारे पटले नव्हते. “आमच्या वेळी दात दुखला की लवंग धरायचो, असले लाड नव्हते,” असे त्या मला तोंडावर म्हणाल्या. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच जुन्या लुगड्यांचे चार थर घेऊन छोटूच्या मापाची एक लहान, जड गोधडी शिवली. ती दवाखान्यात नेता यावी म्हणून. दात घासणेही याच काळात परत आले, आधी नुसत्या ओल्या मऊ ब्रशने आणि मग फेस न येणारी, चव नसलेली फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन. पुदिन्याची पेस्ट त्याच्या जिभेला मिरचीसारखी लागत असावी. नुसते ‘हट्टी आहे’ म्हणून आपण ते सोडून देतो.

पहिली भेट मंगळवारी सकाळी साडेनऊची, दिवसातली पहिली, म्हणजे थांबणे नाही. बाईंनी त्या सकाळी फरशी फिनाइलने पुसू दिली नव्हती आणि उदबत्ती लावली नव्हती. खुर्ची आधीच मागे झुकवून ठेवली होती, कारण माणूस बसलेला असताना खुर्ची हलली की पडल्यासारखे वाटते. दिवा बंद होता. छोटूने टोपी घातली होती आणि गोधडी हातात होती. त्याने चपला काढल्या, चित्र पिशवीत. खुर्चीला हात लावला. तीन मिनिटे तिच्याभोवती फिरला. मग बसला आणि दहा म्हणेपर्यंत बसून राहिला. चित्र पिशवीत. तोंड त्याने उघडले नाही.

आईला राहवेना. “ताई, एवढा बसला आहे तर एकदा बघून घ्या ना दाढ,” असे ती म्हणाली. कोणत्याही आईला असेच वाटेल. तीन आठवडे राबलेले, शंभर रुपयांचे पेट्रोल, वडिलांची अर्ध्या दिवसाची रजा. बाई म्हणाल्या, “आजचे काम खुर्चीपर्यंतच होते, आई. ते झाले.” आणि उरलेली चित्रे स्वतः काढून त्यांनी झोक्याचे चित्र छोटूच्या हातात दिले. भेट सात मिनिटांत संपली. मला आईने संध्याकाळी हे सांगितले तेव्हा, खरे सांगतो, माझ्याही मनात आले की एवढ्यासाठी तीन आठवडे?

उत्तर आठवड्याने मिळाले. दुसऱ्या भेटीत तो स्कूटरवरून स्वतः उतरून आत गेला. आरसा ओठात शिरला, चार अंकांपर्यंत. त्याने हात वर केला आणि बाई थांबल्या. हात वर केला की थांबायचे, हे ठरलेले होते आणि ते पाळले गेले. नंतर पाचव्या मिनिटाला त्याने पुन्हा तोंड उघडले आणि दहा अंक पूर्ण झाले. दंतवैद्यकात ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही रीत 1959 पासून लिखित स्वरूपात आहे, आणि ती सगळ्याच मुलांसाठी वापरतात. स्वमग्न मुलासाठी तिच्यात ‘सांगा’ हा शब्द चित्राने घ्यावा लागतो आणि ‘दाखवा’ अनेक दिवस पुरवावे लागते, एवढाच फरक.

तिसरी भेट फसली. मधेच वीज गेली. पंखा थांबला आणि इन्व्हर्टर ‘टीं टीं’ करू लागला. छोटू गोधडी टाकून दारापर्यंत पळाला. ना चित्रात वीज जाण्याचे चित्र होते, ना सरावात तो आवाज. बाईंनी त्याला परत बोलावले नाही. पुढच्या भेटीत पुन्हा खुर्चीपासून आरंभ केला, आणि आईने घरी इन्व्हर्टरचा आवाज मुद्रित करून तोही सरावात घेतला. आपल्याकडे अशी तयारी करताना वीज जाणे, मिरवणुकीचा ढोल, शेजारच्या दुकानाचे शटर हे सारे धरूनच चालावे.

चौथ्या भेटीत औषध लावले. त्याचे नाव सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. यंत्र नाही, सुई नाही. दाढ कापसाने कोरडी करायची आणि छोट्या ब्रशने एक थेंब लावून साधारण मिनिटभर ठेवायचा. किडीचा प्रसार थांबवण्यास ते मदत करते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. औषध ओठाला लागले तर तेथे काही दिवस डाग राहतो, आणि तोंडात धातूची चव येते. हे सारे आईवडिलांना आधी सांगून त्यांची संमती घेतली होती. ‘मागची दाढ काळी दिसली तर दिसली,’ असे वडील म्हणाले. एका मिनिटाचे सहा वेळा दहा अंक केले. धातूच्या चवीची सवय आधी स्टीलचा चमचा चाटवून केली होती. तिचा कितपत उपयोग झाला ते मी सांगू शकत नाही, पण त्याने थुंकले नाही.

पाचव्या भेटीत तोंडातील छोट्या फिल्मवर एक्स-रे निघाला. तिचे रिकामे मऊ आवरण आईने घरी रोज, टोक स्वतःच्या बोटांत धरून, दातांत धरायला शिकवले होते. कीड दाढेच्या नसेपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून सहाव्या भेटीत त्यावर स्टीलची तयार टोपी बसवली. दाढ न कोरता, भुलीचे इंजेक्शन न देता कीड टोपीखाली बंद करण्याची ही पद्धत स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाते. नस सुजलेली किंवा पू झालेला असेल तर ती चालत नाही. योग्य मापाची टोपी निवडायची, आत सिमेंट भरायचे, दाबून बसवायची आणि मुलाला चावायला सांगायचे. छोटूने चावले. जोरात. गोधडी अंगावर होती.

घरी गेल्यावर मात्र एक चूक उघडी पडली. त्या टोपीमुळे सुरुवातीला दात नीट मिटत नाहीत, ती बाजू उंच लागते. काही आठवड्यांत ते आपोआप जुळते. मोठ्यांना हे बाईंनी सांगितले होते, छोटूला चित्राने कोणी सांगितले नव्हते. रात्री जेवताना त्याने तोंड मिटले, काही वेगळेच लागले आणि पुन्हा गालावर चापट्या सुरू झाल्या. आईने घाबरून मला दूरध्वनी केला. ताप नाही, सूज नाही, हे विचारून घेऊन मी बाईंना गाठले. त्यांनी चकचकीत टोपीचा फोटो पाठवला. आईने तो पट्टीवर लावला, त्याखाली पोळीच्या मऊ तुकड्याचे चित्र. तीन दिवस मऊ भात, चौथ्या दिवशी तुपात बुडवलेली पोळी. चापट्या थांबल्या. आता आरशात ती टोपी पाहणे हा त्याचा आवडता खेळ आहे.

एकूण सहा भेटी आणि तीन महिने लागले. बाईंनी पहिल्या दोन भेटींचे पैसे घेतले नाहीत. इतरत्र ते घेतले जाणार, आणि ते योग्यच आहे, कारण तो वेळ कामाचाच आहे. आपल्या मुलासाठी दंतवैद्य निवडताना आधी एवढेच विचारावे, की पहिली भेट पाच-सात मिनिटांची, काहीही न करता ठेवता येईल का, आणि दवाखान्याचे फोटो मिळतील का. उत्तर ‘आणा हो, बघून घेऊ’ असे आले, तर दुसरा क्रमांक फिरवावा.

गेल्या पावसाळ्यात छोटूला ताप आला. आई त्याला घेऊन माझ्याकडे आली, पण तो पायरीवरच थांबला. हातात चित्रांचा पुठ्ठा होता. तो वरपासून खालपर्यंत त्याने पाहिला, मग माझ्या दाराकडे पाहिले. आई संकोचून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुमच्या दवाखान्याचे चित्र नाही आमच्याकडे.” मी बाहेर येऊन पायरीवरच त्याचा ताप पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रुग्ण यायच्या आधी, मी पायरीचा, बाकाचा, माझ्या स्टेथोस्कोपचा आणि मग टेबलावर मोबाइल टेकवून स्वतःचा, असे चार फोटो काढले आणि आईला पाठवले. पाचवा छताच्या पंख्याचा होता.